व्हीनस फ्लायट्रॅप पुन्हा पुन्हा काळा का पडतो: पाण्याने आलेला काळेपणा आणि थंडीने आलेला काळेपणा

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी वरच्या मजल्यावरची नववीतली मुलगी कुंडी छातीशी धरून दारात उभी होती. "काकू, तुम्ही सांगितल्यापासून नळाचं पाणी एक थेंब घातलं नाही. तरी परत काळा पडतोय." कुंडीत तिचा व्हीनस फ्लायट्रॅप, पानांच्या टोकाच्या सापळ्यांत किडे धरणारं झाड. बाहेरच्या कडेची सहा पानं सापळ्यासकट काळी, कागदासारखी सुकलेली. मधोमध चार-पाच बारकी हिरवी पानं, मातीला चिकटून पसरलेली, त्यांच्या टोकांना नखाएवढे सापळे.

हेच रोप ऑक्टोबरात असंच काळं होऊन माझ्याकडे आलं होतं. तेव्हा दोष पाण्याचा होता. आता मात्र रोपाला काहीच झालेलं नव्हतं, ते झोपायला निघालं होतं. तीन महिन्यांत एकच रोप दोनदा काळं पडलं, दोन्ही वेळा कारण वेगळं, आणि उपाय तर एकमेकांच्या अगदी उलट. ऑक्टोबरात कुंडीतून भरपूर पाणी वाहवावं लागलं. तेच डिसेंबरात केलं असतं तर रोप कुजलं असतं. ज्यांचा फ्लायट्रॅप दरवर्षी "पुन्हा काळा पडतो", त्यांची गल्लत बहुतेक वेळा इथेच झालेली असते, म्हणून ही दोन्ही प्रकरणं सविस्तर लिहिते.

आधी काळं कुठे पडलंय ते बघा

पान काळं पडणं हा मुळात आजारच नव्हे. फ्लायट्रॅपचं एक पान साधारण तीन महिने जगतं. एक सापळा मोजक्याच वेळा किडा पचवू शकतो आणि मग काळा पडून संपतो. वाढीच्या दिवसांत दर आठ-पंधरा दिवसांनी बाहेरचं एखादं जुनं पान काळं होत असेल आणि मधून नवं निघत असेल, तर हिशोब बरोबर चाललाय. सापळ्यापेक्षा मोठा किडा अडकला, तोंड नीट मिटलं नाही आणि आतला रस बाहेर आला, तर तेवढा एकच सापळा कुजून काळा होतो. पोरांनी हौसेने चिकनचा किंवा पनीरचा तुकडा घातला तरी हेच होतं. कात्रीने तेवढं पान कापावं, बाकी काही करायचं नाही.

खरी काळजी दोन ठिकाणी करायची. एक म्हणजे अगदी मधला कोंब. तिथून निघणारं नवं पान उलगडायच्या आधीच काळं किंवा तपकिरी होत असेल, तर मुळाशी काहीतरी बिघडलंय. दुसरं म्हणजे एकाच आठवड्यात तीन-चार पानं जाणं, त्यातही मधल्या वयाची, ज्यांचं अजून काहीच झालेलं नाही अशी.

तरीही शंका राहिली तर कुंडी आडवी करून रोप हलक्या हाताने बाहेर काढा. इथे एका गोष्टीने बरेच जण फसतात: फ्लायट्रॅपची मुळं मुळातच काळी असतात. काळ्या दोऱ्यासारखी, टोकाला पांढरी. ती बघून "मुळं कुजली" म्हणत कापून टाकलेली रोपं मी पाहिली आहेत. बघायचा तो कंद. पानांचे देठ जिथे एकत्र येतात तिथे कांद्याच्या पाकळ्यांसारखा पांढरा भाग असतो. बोटाने दाबल्यावर तो घट्ट लागला आणि रंग पांढरा किंवा गुलाबीसर असेल, तर वरची सगळी पानं गेली तरी रोप जिवंत आहे. तपकिरी, लिबलिबीत आणि आंबूस वासाचा असेल, तर कुज लागली आहे.

ऑक्टोबरात त्या मुलीच्या रोपाचा कंद घट्ट होता. पण मधलं नवं पान टोकाकडून तपकिरी पडत होतं, आणि कुंडीच्या आतल्या काठावर, मातीच्या वर बोटभर, पांढरट रेघ जमली होती. नखाने खरवडली तर पांढरी पूड निघाली. ती पूड पाहिली की पुढचं निदान जवळजवळ झाल्यात जमा असतं.

ऑक्टोबर: पाण्यातले क्षार

या झाडाचं मूळ गाव एकच आहे: अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण कॅरोलायना राज्यांची किनारपट्टी, विल्मिंग्टन शहराच्या आसपासचा टापू. जगात दुसरीकडे ते आपणहून उगवत नाही. तिथे विरळ पाइनची माळरानं आहेत, खाली वाळू आणि अर्धवट कुजलेलं शेवाळ, कायम ओल, माती आंबट. पावसाने धुऊन निघालेल्या त्या जमिनीत नत्र-स्फुरद नावालाच. म्हणून तर या झाडाने किडे धरायला सुरुवात केली. पोषण पानांतून येतं, मुळांचं काम मुख्यतः पाणी ओढणं. इतकं स्वच्छ पाणी ओढायची सवय असलेल्या मुळांना जास्तीचे क्षार बाहेर थोपवता येत नाहीत. कॅल्शियम, सोडियम, क्लोराइड असं जे येईल ते पानांच्या टोकांत साचतं. मातीतलं पाणी खारट होत गेलं की मुळांना ते ओढणंही जड जातं. कुंडी ओली असते आणि रोप तहानलेलं, अशी अवस्था होते. बाहेरून दिसतं ते एवढंच, की पानं टोकाकडून भाजल्यासारखी काळी पडताहेत.

हे समजायला कास पठाराचं उदाहरण फार उपयोगी पडतं. तिथल्या जांभ्या खडकावरच्या वितभर मातीत पावसाळ्यात दवबिंदू आणि सीतेची आसवं उगवतात, आणि दोन्ही कीटकभक्षी आहेत. त्यांच्या मुळाशी जे पाणी असतं ते थेट आभाळातून पडलेलं. फ्लायट्रॅपलाही तसंच पाणी लागतं.

पाण्यात किती क्षार विरघळले आहेत ते टीडीएस मीटरवर कळतं. पेनासारखा मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो, आणि हे झाड पाळायचं तर तो कुंडीच्या आधी घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. आकडा ५० च्या आत असेल तर उत्तम. १०० पर्यंत चालवून घेता येतं, पण मग वरचेवर कुंडी धुवावी लागते. त्याच्या वर नको.

मुलगी म्हणत होती, "आमच्याकडे कॉर्पोरेशनचंच पाणी आहे काकू, धरणाचं." धरणाचं पाणी खरंच हलकं, म्हणजे कमी क्षारांचं, असतं. आमच्या सोसायटीत सकाळी थेट लाइनला मीटर धरला तर ७० च्या आसपास दाखवतो. पण गच्चीवरच्या टाकीत बोअरचं आणि टँकरचं पाणी मिसळतं, आणि तिच्या बाल्कनीतल्या नळाला तेच येतं. तिथे मीटरने ५४० दाखवले.

आता हिशोब करून बघा. तिच्या कुंडीखालच्या ताटलीत रोज साधारण ८० मिलिलिटर पाणी लागायचं. ५४० आकड्याच्या एक लिटर पाण्यात ५४० मिलिग्रॅम क्षार असतात, म्हणजे ८० मिलिलिटरमध्ये ४३ मिलिग्रॅम. पाणी उडून जातं, क्षार कुंडीतच राहतात. जुलैच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत ७५ दिवस झाले, तर तीन ग्रॅमहून जास्त क्षार त्या चार इंची कुंडीत जमले. चहाचा अर्धा चमचा मीठ त्या मुळांवर ओतल्यासारखंच झालं. एका दिवसाच्या पाण्याने काही होत नाही, म्हणून कुणाला पाण्याचा संशय येत नाही. रोप दोन महिने छान दिसतं आणि मग एकाएकी ढासळतं.

पाण्याबद्दल जे घरगुती उपाय सांगितले जातात त्यांतले बरेच इथे लागू पडत नाहीत. पाणी उकळलं तर त्यातल्या कॅल्शियमचा थोडा साका खाली बसतो, पण बाकीचे क्षार तसेच राहतात आणि पाणी आटल्याने आणखी दाट होतात. रात्रभर उघडं ठेवलं तर क्लोरीन जाईल, क्षार नाही. कँडलचा किंवा यूव्हीचा फिल्टर जंतूंसाठी असतो, टीडीएस जिथल्या तिथे राहतो. सॉफ्टनरमधून आलेलं पाणी तर मुळीच नको, कारण तो कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम घालतो. आणि आरओतून वाया जाणारं पाणी, जे आपण सगळेच काटकसर म्हणून झाडांना घालतो, ते या झाडाला विषासारखं आहे. गाळून उरलेले सगळे क्षार त्यातच असतात.

आरओचं प्यायचं पाणी चालतं, पण मोजून. हल्लीच्या बऱ्याच यंत्रांत चवीसाठी खनिजं परत मिसळणारं कार्ट्रिज असतं, नाहीतर थोडं न गाळलेलं पाणी मिसळणारा खटका असतो. मुलीच्या घरच्या आरओचा आकडा ९५ आला. मेकॅनिककडून खटका कमी करून घेतल्यावर ३५ वर आला. प्यायच्या बाटलीबंद पाण्यातही खनिजं असतात, तेव्हा तेही मोजूनच वापरा.

एसीतून टपकणारं पाणी माझ्याकडे १२ येतं. ते हवेतलं बाष्प थंड होऊन झालेलं असतं, म्हणून हलकं. मात्र मोसमात पहिल्यांदा एसी लावल्यावरचं पाणी टाकून द्यावं, कारण कॉइलवरची वर्षाची धूळ त्यात उतरते. गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटरही चालतं. घेताना ते नुसतं पाणी आहे, अ‍ॅसिड मिसळलेलं नाही, एवढं लेबल वाचून घ्या.

पण सगळ्यात चांगलं पावसाचं. पहिले दोन-तीन पाऊस सोडून द्यायचे, मग उघड्यावर स्वच्छ बादली ठेवायची. गच्चीच्या पन्हाळीतून येणारं पाणी भरू नका, सिमेंटवरून वाहताना त्यात चुना उतरतो. रोज शंभर मिलिलिटर धरले तर ऑक्टोबर ते मे एका कुंडीला पंचवीसेक लिटर पाणी लागतं. वीस लिटरचे दोन जार भरून झाकणं लावून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवले, की एका रोपाचं वर्ष निघतं. उजेडात ठेवले तर पाणी हिरवं होतं.

कुंडी धुणं, आणि माती बदलायची कधी

पाणी बदललं तरी आधी जमलेले क्षार मातीतच असतात. म्हणून कुंडी मोरीत जाळीवर ठेवून वरून हलक्या पाण्याची बारीक धार सोडायची आणि खालून निघणारं पाणी वाटीत धरून मोजायचं. मुलीच्या कुंडीतून पहिल्या वाटीत ११०० च्या वर आकडा आला. एक लिटर घातल्यावर सहाशेच्या आसपास, चार लिटर घातल्यावर १४०. तिला वाटलं झालं. दुसऱ्या दिवशी परत मोजलं तर २६०, कारण मातीच्या आत मुरलेले क्षार रात्रीतून बाहेर आले होते. अशा वेळी दोन-तीन दिवस थोडं थोडं धुवत राहिलं तर बहुतेक कुंड्या शंभराच्या खाली येतात.

ही आली नाही. कारण माती. प्रदर्शनातून आणलेलं ते रोप कोकोपीटमध्ये होतं, आणि आत पिवळसर गोळ्याही सापडल्या, हळूहळू विरघळणाऱ्या खताच्या. त्या गोळ्या असेपर्यंत धुणं व्यर्थ. कोकोपीटमध्ये मुळातच सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात, ते अनेकदा धुतल्याशिवाय या झाडाला चालत नाही. म्हणून रोप काढून, मुळं हलक्या पाण्यात खंगाळून, नव्या मिश्रणात लावलं: दोन भाग पीट मॉस, एक भाग परलाइट. पीट नाही मिळालं तर नुसतं लांब तंतूंचं स्फॅग्नम मॉसही चालतं. पाकिटावर "खत मिसळलेलं नाही" याची खात्री करा. बागेतली माती, शेणखत, गांडूळखत, कडुनिंबाची पेंड, यातलं काहीही नको. बाकीच्या झाडांना जे अमृत, ते या झाडाची मुळं जाळतं.

परलाइटऐवजी वाळू घालायची असेल तर आधी चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाकून बघा. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे, ती वाळू बाद. कुंडी प्लास्टिकची, कमीत कमी चार इंच खोल. सिमेंटची तर नकोच, आणि साध्या मातीच्या कुंडीच्या भिंतीतही क्षार साठत राहतात.

पंधरा-अठरा दिवसांनी मधून एक स्वच्छ हिरवं पान वर आलं. भाजलेली जुनी पानं काही हिरवी झाली नाहीत, ती तशी होतही नसतात. सुधारणा नेहमी नव्या पानांवरूनच मोजायची.

डिसेंबर: झोप

आता त्या रविवारकडे येते. काळी पडलेली सहाही पानं बाहेरची, जुनी. मधली पानं बुटकी, आडवी पसरलेली, पण टोकापर्यंत हिरवी. काठावर पांढरी रेघ नाही. खालून निघालेलं पाणी मोजलं तर ६०. कंद घट्ट. आणि आदल्या आठवड्यात पुण्यात रात्रीचं तापमान १२ अंशांवर उतरलं होतं. सगळ्या खुणा एकाच बाजूला बोट दाखवत होत्या.

विल्मिंग्टनच्या बाजूला हिवाळा खरा हिवाळा असतो. रात्री पारा शून्याजवळ जातो, अधूनमधून खालीही. दिवस दहा तासांच्या आसपास येतो. किडे नसतात, ऊन मंद असतं, तेव्हा मोठाले सापळे पोसण्यात काही अर्थ नसतो. रोप जुनी पानं सोडून देतं, साठा कंदात ओढून घेतं आणि तीन-चार महिने जवळजवळ थांबतं. पाने काळी पडणं हा त्या थांबण्याचाच भाग आहे. दिवस लहान होणं आणि रात्री थंड होणं, या दोन खुणांवरून ते हे ठरवतं.

आपल्याकडे पहिली खूण अगदी पुसट मिळते, कारण पुण्यात वर्षातला सर्वांत लहान दिवससुद्धा सुमारे अकरा तासांचा असतो. दुसरी खूण गावागावाप्रमाणे बदलते. नाशिक-निफाडकडे रात्री छान गार होतात, पुण्यात बऱ्यापैकी, मुंबई-कोकण-गोव्यात जवळपास नाहीतच. त्यामुळे मुंबईतलं रोप झोपतच नाही, आणि पुण्यातलं बाल्कनीत अर्धवट झोपतं.

झोप मिळाली नाही तर लगेच काही बिघडत नाही, आणि तिथेच माणूस फसतो. नर्सरीतली बहुतेक रोपं टिश्यू कल्चरची असतात, बाटलीत वाढलेली, त्यांनी थंडी कधी पाहिलेलीच नसते. पहिलं वर्ष ती न झोपताही काढतात. माझं पहिलं रोप असंच होतं. पहिला हिवाळा खिडकीत हिरवंगार गेला. दुसऱ्या हिवाळ्यात बाहेरची पानं काळी पडू लागल्यावर मी घाबरले, पाणी बिघडलं समजून कुंडी धुतली, माती बदलली, उबेला म्हणून घरात आणलं, वर दिवा लावला. रोपाने परत पानं काढली आणि मला वाटलं, वाचवलं. पुढच्या वर्षी ती पानं आणखी बारीक आली, सापळे मिटायला मंद झाले, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, मधला कोंब काळा पडून ते गेलं. मी जिला वाचवणं समजत होते, त्या प्रत्येक गोष्टीने मी त्याला झोपेतून उठवत होते आणि त्याचा साठा खर्च करवत होते. त्या रोपाबद्दल मला अजून वाईट वाटतं.

मुलीच्या रोपाचं काय केलं ते सांगते. काळी पानं बुडापासून कापली, कारण तीच ओली राहून बुरशी धरतात. ताटलीतलं पाणी काढून टाकलं. झोपेत रोप पाणी ओढत नाही, आणि थंड, तुंबलेल्या पाण्यात कंद कुजतो. माती बोटाला दमट लागेल इतकंच पाणी, चार-पाच दिवसांतून एकदा. किडे नाहीत, खत तर कधीच नाही. कुंडी तिच्या बंद बाल्कनीतून गच्चीवर हलवली. ही हलवाहलव महत्त्वाची आहे. बाल्कनीत पहाटेचं तापमान १७ होतं, गच्चीवर उघड्या आभाळाखाली ११. तेवढ्या फरकावर झोप लागणं न लागणं ठरतं. सकाळचं ऊन मिळू दिलं, दुपारी बारानंतर सावली, म्हणजे दिवसाचे तीस अंश त्याला फार जाणवणार नाहीत. असं फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, म्हणजे नऊ-दहा आठवडे. कॅरोलायनाएवढी ही झोप नाही, पण पुण्यातली माझी रोपं एवढ्यावर वर्षानुवर्षं टिकली आहेत.

जिथे थंडीच नाही तिथे फ्रिज

ठाण्यातल्या माझ्या मावसबहिणीला गच्चीचाही उपयोग नाही. ती नोव्हेंबरच्या शेवटी रोप फ्रिजमध्ये ठेवते. आधी दोन आठवडे किडे बंद करून पाणी कमी करते. मग रोप काढून मुळांवरची माती धुते, काळी आणि मोठी पानं कापते, मधली बुटकी तेवढी ठेवते. वेटेबल सल्फर, म्हणजे पाण्यात कालवायची गंधकाची बुरशीनाशक भुकटी, त्याच्या फिक्या द्रावणात बुडवून काढते. तांब्याची बुरशीनाशकं या झाडाला सोसत नाहीत, ती टाळा. स्फॅग्नम मॉस भिजवून मुठीत घट्ट पिळायचं, एकही थेंब पडता कामा नये. त्यात कंद आणि मुळं गुंडाळायची, झिपच्या पिशवीत घालायची, वर तारीख लिहायची आणि भाजीच्या कप्प्यात ठेवायची. तिथे पाच ते आठ अंश असतात, हवे तेवढेच. मागच्या भिंतीला टेकवू नका, तिथे मॉस गोठतं. फ्रीजरमध्ये तर नाहीच.

दर पंधरा दिवसांनी पिशवी उघडून बघायचं. पानावर राखाडी केसाळ बुरशी दिसली तर ते पान कापायचं, मॉस बदलायचं. इथे हात आखडला तर बुरशी आठवड्याभरात कंदात शिरते. पहिल्या वर्षी बहिणीने मॉस पिळलंच नव्हतं आणि दोनपैकी एक रोप असंच गेलं. दहा-अकरा आठवड्यांनी, फेब्रुवारीच्या मध्याला, रोप कुंडीत लावायचं आणि पहिला आठवडा नुसत्या उजेडात ठेवून मग हळूहळू उन्हात न्यायचं. थेट कोकणच्या उन्हात ठेवलं तर पानं भाजतात, आणि मग परत प्रश्न येतोच, की काळं का पडलं.

नुकतंच आणलेलं, पाच-सहा पानांचं बारकं रोप मात्र पहिल्या वर्षी फ्रिजमध्ये घालू नका. त्याच्या कंदात तेवढा साठाच नसतो. आणि पाण्याने आजारी पडलेलं रोपही नको. आधी त्याला बरं होऊन दोन-चार पानं काढू द्या.

पिचर प्लांटवाल्यांसाठी

"पिचर प्लांट" या एका नावाखाली नर्सरीत दोन अगदी वेगळी झाडं विकली जातात. सरसेनिया जमिनीतून उभ्या नळ्या काढतो, तोही उत्तर अमेरिकेचा, त्याला वर लिहिलेलं पाणी आणि झोप दोन्ही तसंच्या तसं लागू. हिवाळ्यात त्याच्या नळ्या वरून खाली तपकिरी होतात, ते ठीक आहे. पण पानाच्या टोकाला दोरी आणि दोरीला लोंबणारा घट असेल, तर ती घटपर्णी, उष्ण प्रदेशातली. भारतात आपणहून उगवणारी तिची एकच जात आहे, मेघालयाच्या डोंगरांतली नेपेंथेस खासियाना. घटपर्णीला झोप नसते. तिला फ्रिजमध्ये ठेवलं तर ती मरते, आणि अशी मेलेली मी ऐकली आहे, कुणीतरी "पिचर प्लांटला थंडी लागते" सांगितल्यामुळे.

घटपर्णीचे घट काळे पडतात ते बहुधा कोरड्या हवेने. झाकणाकडून सुरुवात होते, आणि नव्या दोरीच्या टोकाचा कोंब घट न होताच सुकतो. पुण्यात मार्च-एप्रिलमध्ये हे हमखास होतं, पावसाळा आला की घट परत धरतात. घट काळा आणि पान हिरवं असेल तर फक्त घट कापा. पाणी तिलाही हलकंच हवं, पण ताटलीत उभं केलेलं नको. तिची मुळं फ्लायट्रॅपसारखी पाण्यात बसत नाहीत, वरून घालून खाली निथळू द्यायचं.

मुलीचा फ्लायट्रॅप फेब्रुवारीच्या दहा तारखेला गच्चीवरून खाली आला. मधून दोन कोंब वर येत होते. एक पानाचा, चपटा. दुसरा गोल, टोकाला गाठ असलेला आणि सरळ उभा, तो फुलाचा दांडा. झोपेनंतर हे होतं, आणि फूल पोसण्यात अशक्त रोपाचा कंद रिकामा होतो, मग एप्रिलमध्ये पानं काळी पडतात. त्या रोपाने आधीच एक ऑक्टोबर काढला होता, म्हणून दांडा दोन इंचांचा झाल्यावर मी तो बुडाशी कापायला सांगितला. तिला वाईट वाटलं. मग आम्ही तो दांडा ओल्या मॉसमध्ये अर्धा खोचून ठेवला, कारण कापलेल्या दांड्याच्या बुडाशी कधी कधी नवी रोपं फुटतात. आता दीड महिना झालाय. दांडा अजून हिरवा आहे आणि बुडाशी मोहरीएवढी एक गाठ दिसायला लागली आहे.